आयजीएसटी परतावा SB005 वर अडकतो तेव्हा: सीमाशुल्क अधिकाऱ्यांना द्यायचे पत्र

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींमधून माल परदेशी पाठवणाऱ्या अनेक लहान कारखान्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते. माल न्हावा शेवाहून रवाना झालेला असतो, परदेशी ग्राहकाचे पैसे बँकेत जमा झालेले असतात, जीएसटीची दोन्ही विवरणपत्रे वेळेवर भरलेली असतात आणि तरीही निर्यातीवर भरलेला आयजीएसटी काही केल्या परत मिळत नाही. सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट पोर्टलवर लॉगिन करून पाहिले की त्या शिपिंग बिलासमोर SB005 असा संकेत दिसतो. शिपिंग बिलात नोंदवलेला इन्व्हॉइस आणि जीएसटीआर-१ मध्ये नोंदवलेला इन्व्हॉइस एकमेकांशी जुळत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे. हा अडथळा अधिकाऱ्यांना एक नीट पत्र देऊन दूर करता येतो. मात्र ते पत्र योग्य कार्यालयात जायला हवे आणि त्यात अधिकाऱ्याला लागणारी माहिती त्याला लागणाऱ्या क्रमाने असायला हवी. ते पत्र कसे लिहावे, हे एका उदाहरणाच्या आधारे पुढे सांगितले आहे. उदाहरणातील क्रमांक आणि रकमा समजावण्यासाठी घेतल्या आहेत, परंतु प्रकरणाची घडण नेहमी आढळते तशीच आहे.

सर्वप्रथम पत्र कोणाला द्यायचे ते स्पष्ट करून घेतले पाहिजे, कारण निम्मा उशीर इथेच होतो. कर भरून केलेल्या माल निर्यातीचा परतावा नाशिकचे जीएसटी कार्यालय देत नाही. केंद्रीय जीएसटी नियम ९६ नुसार शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो आणि तो परतावा ज्या बंदरावर शिपिंग बिल दाखल झाले तेथील सीमाशुल्क विभाग देतो. बंधपत्र किंवा एलयूटी म्हणजे हमीपत्र देऊन कर न भरता निर्यात केली असेल तर साठलेल्या इनपुट क्रेडिटचा परतावा आरएफडी-०१ भरून जीएसटी कार्यालयाकडे मागायचा असतो. त्या वाटेचा येथे संबंध नाही. त्यामुळे नाशिकच्या जीएसटी अधिकाऱ्यांना कितीही स्मरणपत्रे दिली तरी SB005 हलत नाही, आणि त्यात त्या अधिकाऱ्यांचाही दोष नसतो. शिपिंग बिलावरील बंदर संकेत पाहावा. तो INNSA1 असेल तर पत्र न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू सीमाशुल्क भवनात जाईल, INBOM4 असेल तर मुंबईच्या एअर कार्गो संकुलात जाईल, आणि शिपिंग बिल जानोरीच्या आयसीडीत, म्हणजे अंतर्देशीय कंटेनर डेपोत, दाखल झाले असेल तर पुढे माल कोणत्याही बंदरातून गेला तरी पत्र त्या आयसीडीच्या सीमाशुल्क कार्यालयाला द्यावे लागेल.

दुसरी खात्री करून घ्यायची ती ही की आपली अडचण खरोखर SB005 चीच आहे. आइसगेटवर शिपिंग बिलासमोर कोणताच संकेत दिसत नसेल तर जीएसटी पोर्टलवरून माहिती तिथे पोहोचलेलीच नाही असे समजावे. याचे नेहमीचे कारण जीएसटीआर-३बी मध्ये असते. शून्य दराच्या पुरवठ्यावरील कर तक्ता ३.१(बी) ऐवजी चुकून ३.१(ए) मध्ये, देशांतर्गत विक्रीसोबत, दाखवला गेलेला असतो, किंवा ३.१(बी) मधील आयजीएसटी जीएसटीआर-१ मधील निर्यातीच्या आयजीएसटीपेक्षा कमी असतो, आणि अशा वेळी पोर्टल ती माहिती पुढे पाठवत नाही. जीएसटी पोर्टलवर परताव्याच्या भागात आइसगेटकडे पाठवलेल्या इन्व्हॉइसांची स्थिती पाहता येते. ते पान आधी उघडावे. SB001 दिसत असेल तर शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख किंवा बंदर संकेत जीएसटीआर-१ मध्ये चुकला आहे आणि तो जीएसटीआर-१ च्या तक्ता ९ए मधून आपल्यालाच दुरुस्त करायचा आहे. SB002 आणि SB006 हे संकेत ईजीएमचे, म्हणजे जहाज निघाल्यावर शिपिंग लाइनने दाखल करायच्या निर्यात विवरणाचे आहेत. तिथे शिपिंग लाइन किंवा तिच्या एजंटाचा पाठपुरावा करावा लागतो. SB003 हा जीएसटीआयएन न जुळल्याचा संकेत आहे. या सगळ्यांसाठी खालील पत्राचा उपयोग नाही, कारण ते SB005 मधील इन्व्हॉइस जुळवण्यासाठीच आहे.

आता SB005 मधलाही एक भेद लक्षात घ्यावा लागतो. चूक जीएसटीआर-१ मध्ये झालेली असेल, उदाहरणार्थ शून्याच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर पडले असेल, एक अंक गळाला असेल किंवा तारीख चुकीची टाकली असेल, आणि मूळ कर इन्व्हॉइसवर व शिपिंग बिलावर मात्र क्रमांक एकच असेल, तर अधिकाऱ्यांकडे जाण्याचे कारण नाही. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये तक्ता ९ए भरून दुरुस्ती करावी. त्या आर्थिक वर्षानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, ही वाट मोकळी असते. दुरुस्त माहिती पुन्हा आइसगेटकडे जाते आणि जुळली की SB000 दिसतो.

परंतु ज्या ठिकाणी कारखान्यात दोन वेगवेगळे इन्व्हॉइस तयार होतात तिथे गोष्ट निराळी असते. आपल्या उदाहरणातला कारखाना अंबडचा आहे आणि तो स्विचगिअरचे पितळी भाग बनवतो. लेखा विभागाच्या सॉफ्टवेअरमधून जीएसटीचा कर इन्व्हॉइस निघतो आणि त्याचा क्रमांक AMB/24-25/0312 असा असतो. निर्यात विभाग मात्र परदेशी ग्राहकासाठी डॉलरमधला कमर्शियल इन्व्हॉइस स्वतंत्र एक्सेल फाइलमध्ये बनवतो आणि त्याला EXP-117/24-25 असा आपल्या मालिकेतला क्रमांक देतो. सीमाशुल्काची कामे पाहणाऱ्या एजंटाकडे, म्हणजे सीएचएकडे, पॅकिंग लिस्टसोबत हा कमर्शियल इन्व्हॉइस जातो, आणि तो त्याच क्रमांकाने शिपिंग बिल दाखल करतो. महिना संपल्यावर लेखापाल जीएसटीआर-१ च्या तक्ता ६ए मध्ये कर इन्व्हॉइसचा क्रमांक टाकतो. आपापल्या जागी दोघांचेही बरोबर असते, आणि संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे व्यवहार असतात.

अशा वेळी काही जण तक्ता ९ए मध्ये कर इन्व्हॉइसच्या जागी कमर्शियल इन्व्हॉइसचा क्रमांक टाकून मोकळे व्हा असा सल्ला देतात. माझ्या मते तो सल्ला घेऊ नये. कायद्याने जो दस्त कर इन्व्हॉइस आहे तोच विवरणपत्रात दिसला पाहिजे. परताव्यासाठी तिथे दुसऱ्या दस्ताचा क्रमांक लिहिला तर हिशेबाची पुस्तके आणि विवरणपत्र यांच्यात कायमची तफावत राहते, आणि जीएसटीच्या लेखापरीक्षणात ती निघाल्यावर खुलासा देत बसावे लागते. दुसऱ्या बाजूने, जहाज निघून ईजीएम दाखल झाल्यावर शिपिंग बिलातला इन्व्हॉइस क्रमांक आपल्याला बदलता येत नाही. दोन्ही दस्त जसे आहेत तसे ठेवून ते एकाच मालाचे आहेत हे अधिकाऱ्याने तपासून मान्य करणे, हीच येथे योग्य वाट आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २३ फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रक क्रमांक ५/२०१८-सीमाशुल्क नुसार ही सोय प्रथम दिली, पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढवली आणि १७ फेब्रुवारी २०२१ च्या परिपत्रक क्रमांक ५/२०२१-सीमाशुल्क नुसार ती कायमस्वरूपी केली. त्याच परिपत्रकाने पडताळणीसाठी प्रत्येक शिपिंग बिलामागे १,००० रुपये शुल्क ठेवले आहे. हे शुल्क भरल्याची पावती पत्रासोबत नसेल तर कागद पुढे सरकत नाही.

या सोयीचा कणा म्हणजे कॉन्कॉर्डन्स टेबल, अर्थात जुळणी तक्ता. शिपिंग बिलातला कोणता इन्व्हॉइस म्हणजे जीएसटीचा कोणता इन्व्हॉइस, हे त्यात एकासमोर एक मांडायचे असते. परिपत्रकासोबत त्याचा नमुना दिलेला आहे. आपल्या मनाने वेगळा तक्ता करण्याऐवजी तोच वापरावा. आपल्या उदाहरणात जून २०२४ ची तीन शिपिंग बिले अडकली आहेत. पहिले शिपिंग बिल 4521087, दिनांक १२ जून. त्यात EXP-117/24-25 असा इन्व्हॉइस आहे आणि त्याचा कर इन्व्हॉइस AMB/24-25/0312 आहे. दोन्हीकडे करपात्र मूल्य ८,४०,००० रुपये आणि १८ टक्के दराने आयजीएसटी १,५१,२०० रुपये आहे. दुसरे शिपिंग बिल 4598830, दिनांक २१ जून. EXP-121/24-25 समोर AMB/24-25/0349, मूल्य १२,६०,००० रुपये आणि कर २,२६,८०० रुपये, तेही दोन्हीकडे सारखे. या दोन बिलांत फक्त क्रमांकांचा प्रश्न आहे.

तिसरे शिपिंग बिल 4661245, दिनांक २८ जून, जरा वेगळे आहे. EXP-124/24-25 समोर AMB/24-25/0371 आहे, पण कर इन्व्हॉइसमध्ये मूल्य ६,५५,००० रुपये आणि कर १,१७,९०० रुपये आहे, तर शिपिंग बिलात मूल्य ६,३०,००० रुपये आणि कर १,१३,४०० रुपये आहे. ग्राहकाशी सौदा सीआयएफ होता. लेखा विभागाने भाडे व विमा धरून कर आकारला आणि सीएचएने २५,००० रुपये वजा करून एफओबी मूल्य शिपिंग बिलात लिहिले. रकमा अशा वेगळ्या असतील तर दोन्हींपैकी कमी असलेली रक्कम मंजूर होते, म्हणजे या बिलावर १,१३,४०० रुपये. म्हणून तिन्ही बिलांवर भरलेला कर ४,९५,९०० रुपये असला तरी पत्रात मागणी ४,९१,४०० रुपयांचीच करायची आणि ४,५०० रुपयांचा फरक का आहे ते एका वाक्यात सांगून टाकायचे. फरक न सांगता पूर्ण रक्कम मागितली की अधिकाऱ्याला तो स्वतः शोधावा लागतो, मग तो विचारणा करतो आणि निर्वेध असलेली पहिली दोन बिलेही त्या विचारणेत अडकतात. फरक मोठा असेल तर ते बिल वेगळ्या पत्राने द्यावे, म्हणजे बाकीची थांबत नाहीत.

भाषेबद्दल एक खुलासा इथेच केलेला बरा. आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला यथास्थिती केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे, त्यामुळे सीमाशुल्क कार्यालयाला मराठीत पत्र देण्यात काहीही गैर नाही. तरीही ज्या टेबलावर ते जाते तिथला अधिकारी मराठी वाचणारा असेलच असे नाही, म्हणून सोबत इंग्रजी प्रत जोडावी. जुळणी तक्त्यातील इन्व्हॉइस क्रमांक मात्र दोन्ही प्रतींत मूळ कागदावर छापले आहेत तसेच, त्याच तिरक्या रेघा आणि त्याच आडव्या रेघांसह लिहावेत.

पत्राचा मसुदा असा:

प्रति,
मा. उपायुक्त / सहायक आयुक्त, सीमाशुल्क,
आयजीएसटी परतावा कक्ष,
जवाहरलाल नेहरू सीमाशुल्क भवन, न्हावा शेवा,
ता. उरण, जि. रायगड.

विषय: SB005 संकेतामुळे प्रलंबित असलेल्या तीन शिपिंग बिलांवरील आयजीएसटी परताव्यासाठी इन्व्हॉइस पडताळणी करण्याबाबत.

संदर्भ: १) परिपत्रक क्र. ५/२०१८-सीमाशुल्क, दि. २३ फेब्रुवारी २०१८. २) परिपत्रक क्र. ५/२०२१-सीमाशुल्क, दि. १७ फेब्रुवारी २०२१.

महोदय / महोदया,

आम्ही अंबड औद्योगिक वसाहत, नाशिक येथील उत्पादक निर्यातदार आहोत. आमचा जीएसटीआयएन, आयईसी आणि शिपिंग बिलाशी जोडलेल्या बँक खात्याचा तपशील सोबतच्या तक्त्याच्या शीर्षभागी दिला आहे. जून २०२४ मध्ये आम्ही आयजीएसटी भरून आपल्या बंदरातून केलेल्या निर्यातीपैकी शिपिंग बिल क्रमांक 4521087 दि. १२/०६/२०२४, 4598830 दि. २१/०६/२०२४ आणि 4661245 दि. २८/०६/२०२४ यांवरील परतावा आइसगेटवर SB005 या संकेतासह प्रलंबित आहे. त्या पानाची छापील प्रत जोडली आहे.

या निर्यातीच्या वेळी शिपिंग बिलांत आमच्या कमर्शियल इन्व्हॉइसचे क्रमांक नोंदवले गेले आणि जीएसटीआर-१ च्या तक्ता ६ए मध्ये त्याच मालाच्या कर इन्व्हॉइसचे क्रमांक नोंदवले गेले. जीएसटीआर-१ मधील नोंद मूळ कर इन्व्हॉइसप्रमाणे बरोबर असल्यामुळे ती तक्ता ९ए द्वारे बदलता येत नाही. माल, नग, वजन, ग्राहक आणि कंटेनर क्रमांक दोन्ही इन्व्हॉइसांत एकच आहेत, हे सोबतच्या प्रतींवरून आपल्याला पडताळता येईल.

या तिन्ही बिलांवरील आयजीएसटी जून २०२४ च्या जीएसटीआर-३बी च्या तक्ता ३.१(बी) मध्ये भरला आहे आणि तेथील रक्कम तक्ता ६ए मधील एकूण रकमेपेक्षा कमी नाही. शिपिंग बिल 4661245 मध्ये शिपिंग बिलानुसार कर १,१३,४०० रुपये व कर इन्व्हॉइसनुसार १,१७,९०० रुपये आहे. हा फरक समुद्रभाडे व विमा यांच्या २५,००० रुपयांमुळे आहे. कमी असलेली रक्कम आम्हाला मान्य आहे. त्यानुसार तिन्ही बिलांची मिळून मागणी ४,९१,४०० रुपये आहे.

प्रति शिपिंग बिल १,००० रुपयांप्रमाणे एकूण ३,००० रुपये शुल्क भरले असून पावती जोडली आहे. या शिपिंग बिलांवर आम्ही अन्य कोणत्याही मार्गाने आयजीएसटीचा परतावा घेतलेला नाही. दिलेली माहिती चुकीची आढळल्यास किंवा जादा रक्कम मिळाल्याचे निष्पन्न झाल्यास ती व्याजासह परत करण्यास आम्ही बांधील राहू.

तरी सोबतच्या जुळणी तक्त्यावरून संगणक प्रणालीत पडताळणी करून ही शिपिंग बिले परताव्याच्या स्क्रोलमध्ये समाविष्ट करावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
(अधिकृत स्वाक्षरीकर्ता, शिक्का)

सोबत: जुळणी तक्ता, शिपिंग बिले, प्रत्येक बिलाचे कर इन्व्हॉइस व कमर्शियल इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, जून २०२४ चे जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी, आइसगेटवरील स्थितीची प्रत, शुल्काची पावती, इंग्रजी प्रत.

या मसुद्यातले काही शब्द मुद्दाम निवडले आहेत. ‘तक्ता ९ए द्वारे बदलता येत नाही’ हे वाक्य नसेल तर अधिकारी सहज विचारू शकतो की तुम्ही विवरणपत्रात दुरुस्ती का करत नाही, आणि तो प्रश्न योग्यच असतो. कंटेनर क्रमांक आणि नगसंख्या यांचा उल्लेख अशासाठी की दोन वेगळ्या क्रमांकांचे कागद एकाच मालाचे आहेत हे सिद्ध करणारा दुवा तोच आहे. कर इन्व्हॉइसवर कंटेनर क्रमांक छापलेला नसतो असे बऱ्याचदा आढळते. तसे असेल तर कारखान्यातून माल निघतानाचे ई-वे बिल जोडावे, कारण त्यावर कर इन्व्हॉइसचा क्रमांक असतोच, आणि मसुद्यातून कंटेनरचा उल्लेख काढून त्या जागी ई-वे बिलाचा उल्लेख करावा. अधिकारी पत्रातले प्रत्येक विधान कागदाशी ताडून पाहतो, आणि एक विधान कागदात सापडले नाही की बाकीच्यांवरचाही विश्वास कमी होतो.

विलंबाबद्दल व्याजाची मागणी या पत्रात का घातलेली नाही, असे काही जणांना वाटेल. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ५६ नुसार अर्जानंतर ६० दिवसांत परतावा दिला नाही तर व्याज द्यावे लागते, हे खरे आहे. परंतु ५ जुलै २०२२ च्या अधिसूचना क्रमांक १४/२०२२-केंद्रीय कर नुसार नियम ९६ मध्ये अशी तरतूद आली की शिपिंग बिल आणि जीएसटीआर-१ यांच्यातील माहिती जुळत नसेल तर निर्यातदाराने ती तफावत दूर केल्याच्या तारखेलाच परताव्याचा अर्ज दाखल झाला असे मानायचे, आणि ही तरतूद १ जुलै २०१७ पासून लागू धरली आहे. म्हणजे तफावत असलेल्या काळाचे दिवस आपल्या बाजूने मोजलेच जात नाहीत. अशा स्थितीत पहिल्याच पत्रात व्याज मागितले तर पदरात काही पडत नाही आणि पडताळणीचा साधा विषय वादाचा होतो. जुळणी तक्ता दिल्याची पोच तारखेसह जपून ठेवावी. पुढे खरोखर विनाकारण उशीर झालाच तर त्या तारखेच्या आधाराने बोलता येते.

पत्र टपालाने किंवा सीएचएमार्फत प्रत्यक्ष द्यावे, आणि जुळणी तक्त्याची स्कॅन प्रत त्या सीमाशुल्क कार्यालयाने यासाठी ठेवलेल्या ईमेल पत्त्यावरही पाठवावी. परिपत्रकातच तसे सांगितले आहे. अधिकाऱ्याने पडताळणी मान्य केली की आइसगेटवरील स्थिती बदलते, शिपिंग बिल स्क्रोलमध्ये, म्हणजे मंजूर परताव्यांच्या यादीत, येते आणि मग पीएफएमएस या सरकारी पैसे वर्ग करण्याच्या प्रणालीमार्फत पैसे खात्यात जमा होतात. स्क्रोल निघूनही पैसे आले नाहीत तर अडचण बँक खात्याची असते. शिपिंग बिलाशी जोडलेले खाते बंद झालेले, दुसऱ्या बँकेत विलीन होऊन आयएफएससी बदललेले किंवा पीएफएमएसकडे प्रमाणित न झालेले असते, आणि त्यासाठी खात्याचा तपशील अद्ययावत करून घ्यावा लागतो. त्या टप्प्यावर पुन्हा SB005 चे पत्र देऊ नये. तो प्रश्न तिथे संपलेला असतो.

योग्य तो काळ वाट पाहूनही स्थिती बदलली नाही तर स्मरणपत्रात पहिल्या पत्राची पोच आणि तारीख द्यावी, नवा मजकूर घालू नये. त्यानंतरही उत्तर आले नाही तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथेही हेच पत्र आणि हाच तक्ता जोडावा, म्हणजे तक्रार ज्या अधिकाऱ्याकडे परत येईल त्याला तीच कागदपत्रे समोर दिसतील.

हा अडथळा दर तिमाहीला नव्याने उभा राहत असेल तर उपाय पत्रात नाही, शिपिंग बिल दाखल होण्यापूर्वीच्या चेकलिस्टमध्ये आहे. सीएचए शिपिंग बिल दाखल करण्याआधी त्याचा मसुदा निर्यातदाराकडे मंजुरीसाठी पाठवतो. तो बहुधा संध्याकाळी, कंटेनर निघण्याच्या घाईत, ईमेलवर येतो आणि निर्यात विभाग ग्राहकाचे नाव, डॉलरमधली रक्कम व एचएसएन एवढे पाहून होकार देतो. त्याच पानावर इन्व्हॉइस क्रमांक, तारीख, करपात्र मूल्य आणि आयजीएसटीची रक्कमही असते. हे चार रकाने लेखा विभागाच्या कर इन्व्हॉइसशी ताडून पाहिल्याशिवाय होकार द्यायचा नाही, आणि तो होकार लेखापालाच्या ईमेलवरूनच जायला हवा, असा नियम कारखान्यात घालून द्यावा. त्याहून पक्का उपाय म्हणजे निर्यातीसाठी एकच इन्व्हॉइस ठेवणे. जीएसटी इन्व्हॉइसचा क्रमांक सोळा अक्षरांपेक्षा मोठा असू शकत नाही आणि त्यात अक्षरे व अंकांखेरीज फक्त आडवी व तिरकी रेघ चालते. या चौकटीत बसणारी EXP/24-25/0001 सारखी वेगळी मालिका सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि परदेशी ग्राहकालाही तोच क्रमांक छापून दिला, तर सीएचएकडे दुसरा क्रमांक जाण्याचा संभवच राहत नाही. सीआयएफ सौद्यांत भाडे आणि विमा वजा करून शिपिंग बिलात जे मूल्य लिहिले जाणार आहे ते लेखा विभागाला चेकलिस्टच्या वेळीच कळले, तर तिसऱ्या बिलासारखा रकमेचा फरकही कर इन्व्हॉइस काढण्यापूर्वीच लक्षात येतो.